पाइपलाइनच्या चारीची कड कोसळली, आत कोणी नव्हतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सांडपाण्याची लाइन टाकताना चारीची एक बाजू कोसळली. त्या कामावर मी देखरेखीला होतो. नंतर गल्लीतल्या लोकांनी, दुसऱ्या साइटवरच्या मुकादमांनी आणि नव्याने कामाला लागलेल्या इंजिनिअर मुलांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. ठेकेदाराचं नाव घेतलेलं नाही. चूक कुठे झाली ते मात्र पूर्ण लिहिलं आहे, आणि त्यात माझा वाटा होता तोही.

नेमकं काय झालं?

जूनचा पहिला पंधरवडा होता. रस्त्याच्या साइडपट्टीतून ६०० मिलिमीटर व्यासाचे आरसीसी पाइप टाकायचे होते. त्या दिवशी चारी २२ मीटर लांब उघडी होती, रुंदी दीड मीटर, खोली ३.४ मीटर. म्हणजे साधारण अकरा फूट. उंच माणूस आत उभा राहिला तरी त्याचं डोकं वरून खाली बघावं लागेल इतकी.

गुरुवारी दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी दक्षिणेकडची कड सात मीटर लांबीत खाली बसली. आवाज फार मोठा झाला नाही. ट्रकमधून माती ओतावी तसा एक जाड, दबका आवाज आला आणि धूळही उडाली नाही, कारण माती ओली होती. नंतर मोजमाप घेतलं तेव्हा वरच्या अंगाला कड साधारण एक मीटर मागे सरकली होती. काळ्या मातीचा १.६ मीटर जाडीचा थर जवळजवळ सरळ उभा निघून आला होता आणि त्याखाली मुरमाचा निमुळता तुकडा त्याच्याबरोबर गेला होता. हिशेब केला तर १५ घनमीटरच्या आसपास माती. एका घनमीटरला १.८ टन धरले तर २७ टन. सुटी झालेली माती फुगते, त्यामुळे चारीत तळापासून सुमारे १.८ मीटर उंच ढीग झाला. त्या जागी पंचवीस मिनिटांपूर्वी पाच माणसं वाकून पाइपचा जोड बसवत होती.

आत कोणी नाही याची खात्री कशी केली?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि त्या दिवशी आमची सगळ्यात वाईट मिनिटं यातच गेली.

मुकादम म्हणाला, “साहेब, माझी सगळी वर आहेत.” त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास होता, पण नुसत्या शब्दावर थांबता येत नाही. हजेरीवहीत त्या दिवशी टोळीची नऊ नावं होती. नऊही जणांना रस्त्याच्या पलीकडे, लिंबाच्या झाडाखाली एका रांगेत उभं करून नावानिशी मोजलं. नऊ भरले. पण वहीत नसलेली माणसंही साइटवर असतात: पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, पोकलेनचा हेल्पर, आणि लेव्हल बघायला खाली उतरणारा आमचाच एक मुलगा. टँकरचा ड्रायव्हर सापडेना. त्याचा मोबाइल वाजत होता, तो उचलत नव्हता. अकरा मिनिटांनी तो चहाच्या टपरीमागे झोपलेला सापडला. ती अकरा मिनिटं चारीच्या कडेला कोणालाही जाऊ दिलं नाही, आणि पोकलेनचं बकेट मातीला लागू दिलं नाही.

दुसरी शंका पाइपच्या आतली होती. ६०० मिलिमीटरच्या पाइपात माणूस सरपटत जाऊ शकतो आणि जोडाचं सिमेंट आतून पुसायला जातोही. म्हणून मागच्या मॅनहोलचं झाकण काढून वरूनच आरसा आणि बॅटरीने टाकलेली लाइन पाहिली. मॅनहोलमध्ये कोणाला उतरवलं नाही. पाइपाच्या त्या टोकाला माती दिसत होती, माणूस नव्हता. हे सगळं झाल्यावर “कोणी अडकलेलं नाही” असं फोनवर कळवलं.

त्या दिवसापासून आम्ही शिडीच्या तोंडाशी एक फळा ठेवतो. आत उतरणारा आपलं नाव लिहितो, वर आला की पुसतो. कोण आत आहे हे हजेरीवही सांगत नाही, ती फक्त कोण कामावर आलं ते सांगते.

चारी जास्त खोल होती म्हणून कोसळली का?

खोली कारण होतीच, पण एकटी नव्हती. त्याच लाइनवर त्याआधी ३.८ मीटर खोल चारी आम्ही काही न होता भरून घेतली होती.

सरकारी कामांच्या निविदेबरोबर केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याची सुरक्षा संहिता जोडलेली असते. ती सांगते की दीड मीटर किंवा त्याहून खोल चारीच्या बाजूंना एकतर पायऱ्या काढून उतार द्यावा, नाहीतर लाकडी आधाराने त्या घट्ट धरून ठेवाव्यात. दीड मीटर म्हणजे साधारण हनुवटीपर्यंत. वाकून काम करणारा माणूस याच खोलीला पूर्ण मातीच्या पातळीखाली जातो, हे ध्यानात ठेवलं की हा आकडा पटतो.

मातीची उभी कड किती खोलीपर्यंत आपोआप टिकेल याचं एक जुनं, ढोबळ सूत्र आहे: `H = 4c/γ`. यात c म्हणजे मातीचा चिकटपणा आणि γ म्हणजे तिचं वजन. सुक्या, घट्ट काळ्या मातीला चिकटपणा २५ किलोपास्कल धरला आणि वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन, तर उत्तर येतं साडेपाच मीटर. हा आकडा पाहिला की वाटतं, ३.४ मीटरला काय धोका! तीच माती भिजून चिकटपणा १२ वर आला की उत्तर २.७ मीटर होतं. आणि वरून भेग पडलेली असेल तर सूत्रातला ४ हा आकडा २.६७ वर येतो, म्हणजे उत्तर फक्त १.८ मीटर. खोली तीच राहिली, माती बदलली. म्हणून “काल उभी होती” याला आज काहीच अर्थ नसतो.

हे सूत्र कडेवर वजन नसताना आणि थोड्या वेळापुरतं लागू पडतं. त्यावर विसंबून माणूस खाली उतरवायचा नसतो. कड का पडते ते समजण्यासाठी ते चांगलं आहे, एवढंच.

माती कोणती होती?

इथे मला जरा सावकाश सांगायचं आहे, कारण खरी गोष्ट मातीत होती.

वरून १.६ मीटर काळी माती, त्याखाली पिवळसर मऊ मुरूम, आणि तळाशी तो मुरूम कडक होत गेलेला. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर हा थर बहुतेक ठिकाणी असाच सापडतो. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. एप्रिल-मेमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच मातीत. साइडपट्टीवर डांबर नसतं, त्यामुळे तिथेही त्या होत्या. मातीच्या आतही गुळगुळीत, चकचकीत सांधे असतात. ढेकूळ हाताने मोडलं तर ते अशा सांध्यावर साबणाच्या वडीसारखं अलग होतं. ढेकळाची ताकद आणि कडेची ताकद एक नसते. प्रयोगशाळेत गेलेला नमुना घट्ट निघतो, कड मात्र सांध्यावरून सुटते.

मुरुमाने आम्हाला वेगळ्या तऱ्हेने फसवलं. पोकलेनच्या दातांच्या खुणा त्यावर इतक्या स्वच्छ उमटल्या होत्या की भिंत तासून काढल्यासारखी वाटत होती. खाली उभा असलेला माणूस समोरचा मुरूम बघतो आणि निर्धास्त होतो. त्याच्या डोक्यावर काळी माती आहे हे त्याला दिसत नाही.

आणि मग तिसरी माती, जी आमच्या नकाशात नव्हती. आमच्या कडेपासून ६० सेंटिमीटरवर, समांतर, पिण्याच्या पाण्याची एक जुनी दीडशे मिलिमीटरची लाइन होती. तिची चारी नव्वद सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर खोल खणून पुन्हा भरलेली. लाइन आहे हे आम्हाला ठाऊक होतं, नकाशावर तिची जागा मात्र आणखी दोन मीटर पलीकडे दाखवलेली होती. भरावाची माती कितीही वर्षं झाली तरी मूळ मातीसारखी जुळून येत नाही. तिच्यात विटांचे तुकडे, खडी, प्लास्टिक असतं, आणि ती पाणी धरून ठेवते. म्हणजे आमच्या चारीच्या आणि त्या जुन्या चारीच्या मध्ये उरला होता तो फक्त साठ सेंटिमीटर जाडीचा काळ्या मातीचा पडदा. मागून त्याला धरायला काही नव्हतं. पुढून तर आम्हीच खणलं होतं.

अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांत मातीचे ए, बी, सी असे प्रकार केले आहेत. ढेकूळ कितीही टणक असलं तरी भेगाळलेली, हादरे बसणारी किंवा आधी एकदा खणून भरलेली माती तिथे ए या सगळ्यात भक्कम प्रकारात बसत नाही. आमच्याकडे तिन्ही गोष्टी होत्या. मला ही विभागणी फार व्यवहारी वाटते, कारण ती माणसाला ढेकळाच्या पलीकडे, आजूबाजूला बघायला लावते.

पाऊस तर मंगळवारीच थांबला होता. मग गुरुवारी कशी कोसळली?

सोमवार-मंगळवारी चांगल्या सरी झाल्या. बुधवारी ऊन पडलं, वरची माती सुकली, बुटाला चिखल लागेनासा झाला, आणि सगळ्यांना वाटलं की पाणी गेलं. पाणी भेगांमध्ये आणि जुन्या चारीच्या भरावात उतरलेलं होतं. काळ्या मातीतून ते झिरपून जायला वेळ लागतो. तोवर ते मातीला मऊ करत राहतं.

शिवाय भेगेत साठलेलं पाणी कडेला ढकलतं. भेग एक सेंटिमीटर रुंद असो की मागे अख्खं तळं असो, दाब फक्त पाण्याच्या उंचीवर ठरतो. दीड मीटर खोल भेग पाण्याने भरली तर कडेच्या प्रत्येक मीटर लांबीवर अकरा किलोन्यूटन, म्हणजे टनभराहून थोडा जास्त जोर येतो. सात मीटरमध्ये साडेसात टनांच्या वर. एवढा जोर साठ सेंटिमीटरच्या पडद्यावर.

शोअरिंग केलेलं नव्हतं का?

शोअरिंग म्हणजे चारीच्या कडांना धरून ठेवणारा आधार. ते केलेलं होतं. फोटोही आहेत. २२ मीटरपैकी साडेचौदा मीटर लांबीत ते जसंच्या तसं उभं राहिलं आणि तिथली माती हललीही नाही. जी सात मीटर कोसळली, तिथे त्या क्षणाला शोअरिंग नव्हतं.

आमची पद्धत अशी होती: दोन्ही बाजूंना ४० मिलिमीटर जाडीच्या उभ्या फळ्या एकमेकींना चिकटवून, फट न ठेवता. त्यांच्यावर आडवे दीडशे मिलिमीटर चौरस लाकडी वासे, एकाखाली एक १.२ मीटर अंतराने. आणि समोरासमोरच्या वाशांमध्ये आडवे लोखंडी स्क्रू जॅक, लांबीच्या दिशेने दर दीड मीटरला एक. सैल मातीत अशा बंद फळ्याच लागतात. मधे मोकळी जागा सोडून फळ्या लावायची रीत घट्ट मातीपुरती आहे.

आता पाइप पाहा. एक पाइप अडीच मीटर लांब, वजन टनाहून जास्त. पोकलेनच्या पट्ट्याला आडवा टांगलेला अडीच मीटरचा पाइप दीड मीटरवर लावलेल्या जॅकांमधून खाली जाणार कसा? जात नाही. म्हणून प्रत्येक पाइपाच्या वेळी मधले जॅक काढायचे, पाइप उतरवायचा, जॅक परत लावायचे, असं ठरलं होतं. कागदावर हे एक-एक पाइपापुरतं होतं. गुरुवारी सकाळी पोकलेन भाड्याची होती आणि दुपारी दुसऱ्या साइटवर जाणार होती. तेव्हा तीन पाइप एकदम उतरवून घेतले, त्यासाठी साडेसात मीटरमधले सगळे जॅक एकदम काढले, वासे मोकळे झाले म्हणून ते आणि त्या बाजूच्या फळ्याही वर घेतल्या, आणि “जेवण झालं की लावू” असं ठरलं. त्या उघड्या भागात माणसं उतरून जोड बसवू लागली.

मी तेव्हा पुढच्या मॅनहोलच्या काँक्रीटवर होतो. पण आधीचे चार दिवस जॅक काढले-लावले जाताना मी पाहिलं होतं आणि हे एक दिवस असं होणार हे मला कळायला हवं होतं. ज्या आधाराला दिवसातून आठ वेळा काढावं लागतं, त्याची रचनाच चुकलेली असते. मुकादमाला दोष देणं सोपं आहे. आराखड्यात पाइपाची लांबी आणि जॅकांचं अंतर कोणी एकमेकांशेजारी ठेवून पाहिलं नव्हतं, आणि तो आराखडा माझ्या सहीने गेला होता.

मग जॅक न काढता पाइप उतरवायचा कसा?

तीन रस्ते आहेत. तिन्ही मी नंतर करून पाहिले.

पहिला म्हणजे जॅकांमधलं अंतर वाढवणं, पण त्यासाठी वासे बदलावे लागतात. अंतर दुप्पट केलं की वाशावरचा वाकवणारा जोर चौपट होतो. दीड मीटरला चाललेला लाकडी वासा तीन मीटरला मोडतो. आम्ही दीडशे मिलिमीटरचे जोड लोखंडी चॅनेल वापरले, तीन मीटरवर जॅक लावले, आणि अडीच मीटरचा पाइप दोन्ही टोकांना पाव-पाव मीटर मोकळा राखून अलगद खाली गेला. पाइप उतरताना फिरू नये म्हणून त्याच्या एका टोकाला दोरी बांधून वरूनच धरावी लागते.

दुसरा म्हणजे पाइप एकाच ठरावीक जागी उतरवायचा आणि तळावरून, सगळ्यात खालच्या जॅकच्या खालून, रोलरवर सरकवत नेऊन जोडायचा. यात उघडा भाग एकच असतो आणि तो नीट मजबूत करता येतो. मात्र खालचा जॅक पाइपाच्या बाहेरच्या व्यासापेक्षा वर बसवलेला हवा, आणि तळ सपाट असला पाहिजे.

तिसरा ट्रेंच बॉक्स. दोन जाड लोखंडी भिंती, टोकांना आडव्या दांड्यांनी जोडलेल्या. पोकलेन तो चारीत ठेवते, माणसं त्याच्या आतच काम करतात, आणि काम झालं की पोकलेन तो पुढे ओढते. एक गोष्ट इथे बरेच जण विसरतात: बॉक्स कड पडायची थांबवत नाही, तो माणसाला झाकतो. त्याच्या आणि मातीच्या मध्ये फट ठेवली तर कड फटीत येऊन आदळते आणि वरचा रस्ता खचतो. बॉक्स सरकवताना आत कोणी नसावं, आणि त्याच्या दोन्ही टोकांबाहेर एक पाऊलही टाकू नये.

पद्धत कोणतीही असो, आधार वरून खाली लावत जायचा आणि काढताना खालून वर, भराव करत करत. फळीमागे पोकळी राहिली असेल तर मुरूम ठासून किंवा पाचर मारून ती भरायची. सैल फळी मातीला थांबवत नाही, माती हलायला लागल्यावर तिला भेटते.

आधी काही खुणा दिसल्या होत्या का?

दिसल्या होत्या, आणि माणसं वाचली ती त्यामुळेच.

सकाळी अकराच्या सुमाराला मुकादमाला कडेपासून दोन फुटांवर, चारीला समांतर, केसाएवढी भेग दिसली. तो शहाणा माणूस. त्याने भेगेच्या दोन्ही अंगांना एक-एक खिळा ठोकला आणि टेपने अंतर मोजून ठेवलं. साडेबारापर्यंत अंतर १८ मिलिमीटरने वाढलं होतं. त्याच वेळी खाली काम करणारा एक जण म्हणाला की पाइपावर ढेकळं पडतायत, कोणी वरून चालतंय का बघा. वर कोणीच चालत नव्हतं. मुकादमाने एक वाजेपर्यंत वाट पाहिली नाही, बारा चाळीसला सगळ्यांना शिडीने वर घेतलं. जोड अर्धा राहिला होता म्हणून एक जण कुरकुरलाही.

भेग दोन फुटांवर का आली, हे नंतर कळलं. तिथेच जुन्या चारीची कड होती. भेग म्हणजे त्या पडद्याची पाठ मोकळी झाल्याची रेघ होती.

बाकी खुणा मी आता रोज शोधतो: तळाशी कडेला पोट सुटणं, कोरड्या मुरमात अचानक ओल दिसणं, जॅकची पाचर सैल होणं किंवा उलट जॅक इतका ताणला जाणं की हाताने फिरेना. समांतर भेग मात्र यांत वेगळी. ती दिसली की मोजत बसण्याआधी माणसं वर घ्यावीत. मुकादमानेही सकाळी अकरालाच वर घ्यायला हवं होतं, असं तो स्वतः म्हणतो.

कोसळल्यावर सामान काढायला कोणी उतरलं का?

एक जण निघाला होता. लेव्हलची स्टाफ, दोन फावडी आणि एका बिगाऱ्याचा डबा मातीत गेला होता. त्याला दंडाला धरून मागे आणलं. पंचवीस मिनिटांनी उरलेल्या कडेचा आणखी दोन मीटर लांबीचा तुकडा त्याच जागी बसला. पहिल्या पडझडीनंतर वरची कड बऱ्याचदा पुढे झुकलेली, खालून पोकळ राहते, त्यामुळे दुसरी पडझड होणार असंच धरून चालावं.

आत खरंच माणूस असता तर हाच मोह शंभरपट झाला असता. अशा वेळी १०१ किंवा ११२ ला फोन, आजूबाजूची यंत्रं आणि रस्त्यावरची वाहनं बंद, आणि आधार लावल्याशिवाय कोणीही आत नाही. पोकलेनने माती उपसायची नाही, बकेट माणसालाच लागतं. छातीपर्यंत माती आली तरी श्वास घेताना छाती फुगत नाही, म्हणून घाई खरी आहे. पण बिनआधाराच्या चारीत उडी मारणारा बहुधा दुसरा अडकलेला होतो.

उतार देऊन खणलं असतं तर शोअरिंगची गरजच पडली नसती ना?

शेतात असतो तर दिलाच असता. ३.४ मीटर खोलीला एकास एक उतार दिला तर वरची रुंदी होते ८.३ मीटर. ओल्या, भराव असलेल्या मातीला त्याहून चपटा, म्हणजे एक खोलीला दीड असा उतार लागतो, तेव्हा वर ११.७ मीटर जागा हवी. आमच्याकडे एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला घरांच्या ओट्या होत्या.

खणलेली माती आणि पोकलेन कडेला होते का?

माती उत्तरेच्या बाजूला टाकली होती, कडेपासून दोन मीटरवर. संहितेत दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मं, यांपैकी जे जास्त ते अंतर सांगितलं आहे. ३.४ च्या निम्मं १.७, म्हणजे ते बरोबर होतं. पोकलेन मात्र पाइप उतरवताना दक्षिणेच्या कडेला, जुन्या लाइनवर उभी होती. कोसळण्याच्या वेळी ती तिथे नव्हती, पण सकाळभर तिथे हलत होती. त्या हादऱ्यांनी भेग उघडायला मदत केली असं माझं मत आहे. मोजून सिद्ध करता येणार नाही.

पुन्हा काम कसं सुरू केलं?

आधी पाणी. कड गेल्यावर जुनी लाइन सात मीटर लांबीत अधांतरी लोंबकळत होती. जोड सुटला असता तर चारी पाण्याने भरून राहिलेली कडही गेली असती, म्हणून पाणीपुरवठ्याच्या माणसाला बोलावून व्हॉल्व्ह बंद करवला. मग चारीवर आडवे लोखंडी बीम टाकून पाइप त्यांना पट्ट्यांनी टांगला. रस्त्याचा तेवढा भाग वाहनांना बंद केला.

दुसऱ्या दिवशी पोकलेन चारीच्या टोकाशी, पडलेल्या भागापासून लांब उभी करून झुकलेली कड वरून कापून काढली. आत माणूस नाही. नंतर शाबूत शोअरिंगच्या बाजूने सुरुवात करून थोडी माती काढायची, लोखंडी वाशांची नवी चौकट बसवायची, मागची पोकळी मुरमाने भरायची, मग पुढे. सात मीटरला चार दिवस लागले. जुनी लाइन नेमकी कुठे आहे ते दर दहा मीटरवर हाताने आडवा खड्डा घेऊन पाहिलं. हे आधी केलं असतं तर अर्ध्या दिवसाचं काम होतं.

कोणी जखमी नाही, तर कळवायचं कशाला?

बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याखाली १९९८ साली केंद्राचे जे नियम झाले, त्यांत माती खचणं-कोसळणं ही इजा झालेली नसली तरी धोकादायक घटना मानली होती. आम्ही लेखी कळवलं. ठेकेदाराला ते आवडलं नाही. त्या अहवालात आम्ही जोडलेलं कडेचं रेखाचित्र, तीन मातींचे थर आणि जुन्या लाइनची खरी जागा पुढे त्याच रस्त्यावर केबल टाकायला आलेल्या लोकांनी मागून नेली.

शेतातल्या पाइपलाइनच्या चारीला हे लागू पडतं का?

तीन-साडेतीन फुटांची चारी असेल तर सहसा एवढं काही लागत नाही. पण विहिरीजवळ किंवा ओढ्याखालून लाइन नेताना चारी अचानक सात-आठ फूट होते, आणि तिथे नेमका माणूस गुडघ्यावर बसून सॉल्व्हंट लावत असतो. तेवढ्या दहा-पंधरा फुटांत जेसीबीला दोन्ही बाजू पायऱ्यांनी सोडायला सांगा. शेतात जागा असते, एक तास जास्त लागतो. विहिरीची जुनी काढलेली माती भोवती पसरलेली असते, तीही भरावच आहे, हे जेसीबीवाल्याला आधी दाखवा. आणि जोड शक्य तेवढे वर जमिनीवरच करून लाइन खाली सोडा. पीव्हीसी पाइप हलका असतो, वाकतोही. सिमेंटच्या पाइपाला ही सोय नाही.